तोगाशी बाईंनी न वाचलेली फाइल

तोगाशी चिगुसा हे नाव आमच्या गावात पुष्कळांनी वाचलेलं होतं. बस स्थानकातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे त्या अकरा वर्षं बसत आणि नाव छातीवरच्या पट्टीवर असे. सेंदाईची बस, टोकियोची रात्रीची बस, तिकीट बदलणं, बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, हे सगळं त्या खिडकीवर चालायचं. मीही तिथून तिकिटं घेतली असणार, पण मला चेहरा आठवत नव्हता. माझ्या नवऱ्याला आवाज आठवत होता. तो म्हणाला, "ती होय! तिला विचारलं, बसला किती उशीर आहे, तर 'थोडा' असं कधी म्हणायची नाही. बावीस मिनिटं, म्हणायची."

खिडकीवर असतानाच त्यांनी पत्राद्वारे शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मग पाच वर्षं नदीपलीकडच्या शाळांमध्ये हंगामी शिक्षिका म्हणून काम केलं. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी आजारी पडलं, की त्या जागेवर यांची नेमणूक. दरवर्षी परीक्षा देत होत्या, चौथ्या वेळी पास झाल्या. एकोणचाळिसाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, त्या आमच्या शाळेत कायम शिक्षिका म्हणून आल्या आणि त्यांना तिसरीचा दुसरा वर्ग मिळाला. माझी मुलगी मिनोरी त्या वर्गात होती.

शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेरीला वर्तमानपत्रात छापून येतात. त्या यादीत मला आधी होन्मा सेन्सेईंचं नाव दिसलं. दुसरीला त्या मिनोरीच्या वर्गशिक्षिका होत्या आणि आता त्यांची बदली डोंगराकडच्या शाळेत झाली होती. मी यादी दोनदा वाचली.

मिनोरीला अंडं चालत नाही, अ‍ॅलर्जी आहे. शाळेला हे माहीत आहे. डॉक्टरांनी भरलेला तक्ता दरवर्षी द्यावा लागतो, फेब्रुवारीत शाळेच्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ आम्हाला बोलावून घेतात, अंडं वगळून केलेलं जेवण पिवळ्या झाकणाच्या डब्यात तिच्या नावाने येतं, आणि वर्गात दोन माणसं ते तपासतात. इंजेक्शनचा पेन दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. यात शाळेने कधी हयगय केली नाही. अडचण दुसरीच आहे. त्रास सुरू झाला तर मिनोरी ते सांगत नाही. जेवताना सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे जाईल याची तिला लाज वाटते. ती गप्प होते आणि कान चोळू लागते. घसा खाजायला लागण्याआधी तिच्या कानात खाज येते. हे मी होन्मा सेन्सेईंना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या मुलाच्या वाटीतलं अंड्याचं सूप तिच्या पावावर सांडलं आणि तिने पाव तसाच खाल्ला. होन्मा सेन्सेईंनी तो कान पाहिला. हातातल्या जेवणाच्या काठ्या खाली ठेवून तिला उचललं आणि परिचारिकेकडे नेलं. औषधावर निभावलं, इंजेक्शनची वेळ आली नाही. मार्चमध्ये निरोप घ्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "शिराहाता-सान, काळजी करू नका. पुढच्या शिक्षकांसाठी मी सगळं लिहून ठेवलंय."

वर्ग बदलताना एका शिक्षकाने दुसऱ्यासाठी प्रत्येक मुलाबद्दल नोंद लिहून ठेवायची असते. त्या नोंदींची फाइल शिक्षकांच्या खोलीत कुलपात असते. पालकांना ती पाहायला मिळत नाही. मी त्या फाइलवर विसंबले होते.

एप्रिलमधली पहिली पालकसभा शुक्रवारी होती. पाचव्या तासाचं शिकवणं मागे उभं राहून बघायचं, मग मुलं घरी जातात आणि आई-वडील मुलांच्या जागेवर बसतात. घरून आणलेल्या सपाता पायात, गळ्यात पालकाची पट्टी. बाकं इतकी लहान की गुडघे आत जात नाहीत. प्रत्येक बाकावर मुलांनी आपापल्या आईवडिलांसाठी नावाचा कागदी त्रिकोण करून ठेवला होता. मिनोरीने माझ्या नावाशेजारी चष्मा काढला होता.

माझ्या उजवीकडे इगाराशी-सान बसल्या होत्या. त्यांचं हे तिसरं मूल, त्यामुळे सभा त्यांना पाठ.

"बघा आता," त्या हळूच म्हणाल्या, "नवीन सेन्सेई म्हणतील, मी अननुभवी आहे, चुका होतील, सांभाळून घ्या. हे म्हटलं की संपलंच. माझ्या थोरल्याच्या वेळी एक जण असं म्हणाला आणि वर्षभर आम्ही त्याला सांभाळत बसलो."

"पण खरंच नवीन असल्या तर दुसरं काय म्हणणार?" मी विचारलं.

"काहीही म्हणावं. तुमचा मुलगा सर्दीने बेजार आहे, त्याच्या रुमालाला इस्त्री नाही, काहीतरी आमच्या मुलाबद्दल म्हणावं. आपल्याबद्दल काय ऐकायचंय इथे कुणाला?"

पुढच्या बाकावर इशिगाकी-सान होत्या. गाकुतोची आई. त्या ताठ बसल्या होत्या आणि कुणाशी बोलत नव्हत्या. दुसरीत गाकुतोने खिडकीची काच फोडली होती, एकाला कोपराने मारलं होतं, आणि त्यानंतर वर्गात काहीही हरवलं की आधी गाकुतोचं नाव निघायचं. गेल्या वर्षी पालकसभेत त्या दरवेळी उभ्या राहून माफी मागत. सूप सांडलं होतं ते गाकुतोच्याच वाटीतलं. तेव्हाही त्या कामावरून सुटी घेऊन आमच्या दारात खोका घेऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या खोक्यात केक होता, अंड्याचा. दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं होतं. त्यानंतर आम्ही एकमेकींना टाळत होतो.

तोगाशी बाई आत आल्या. काळसर निळा कोट, केस मागे बांधलेले, हातात काही नव्हतं. वर्गाच्या मागच्या दारापाशी हासेगावा सेन्सेई उभे होते. निवृत्तीनंतर नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करायला ते आठवड्यातून दोन दिवस येतात. पुढे मे महिन्यात बाई आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनीच मला सांगितलं की पहिल्या मिनिटाचा सराव त्यांनी हासेगावा सेन्सेईंसमोर सात वेळा केला होता. हासेगावा सेन्सेईंनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. हातात कागद नको. अननुभवाची माफी नको. आणि नजर शेवटच्या रांगेवर, कारण पहिल्या रांगेतले लोक आधीच तुमच्या बाजूचे असतात. सराव संपल्यावर बाईंनी गाडीत बसून स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून आणखी किती वेळा म्हटलं ते मोजलं नव्हतं.

त्यांनी वाकून नमस्कार केला. फळ्यावरच्या घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती.

"मी तोगाशी चिगुसा. तिसरीच्या दुसऱ्या वर्गाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी काही जणांनी मला बस स्थानकात पाहिलं असेल. अकरा वर्षं मी तीन नंबरच्या खिडकीत होते. नंतर पाच वर्षं नदीपलीकडे हंगामी म्हणून शिकवलं. कायम शिक्षिका म्हणून हे माझं पहिलं वर्ष."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं हो, तीच!" थोडं हसू झालं. इगाराशी-सान माझ्याकडे झुकल्या. "माफी नाही मागितली. हुशार आहे."

"आठ दिवसांत मी एवढं पाहिलं," बाई पुढे म्हणाल्या. "सकाळी पाणी द्यायला कुणी सांगितलेलं नसताना दोन मुलं मागच्या कुंड्यांकडे जातात. गुणाकाराच्या तासाला सगळ्यात आधी हात वर करणारा मुलगा उत्तर चुकलं तर स्वतःच मोठ्याने हसतो. जिमखान्यात रांग लावताना एक मुलगी दरवेळी मागच्या मुलीसाठी जागा सोडते. आज सभा संपल्यावर जे थांबतील त्यांना मी नावानिशी सांगेन."

खोलीतला आवाज बदलला. लोक मागे टेकले. माझं मूल कुठलं, हे प्रत्येक जण मनात शोधत होतं. मीही शोधत होते. मागे जागा सोडणारी मिनोरी असेल असं मला वाटलं. मग बाई म्हणाल्या,

"एक गोष्ट आधीच सांगते. गेल्या वर्षीच्या शिक्षकांनी लिहिलेल्या नोंदींची फाइल माझ्या कपाटात आहे. मी ती उघडलेली नाही. मुद्दामच. कुणाचं मूल कसं आहे हे मला दुसऱ्याच्या शब्दांतून आधी कळायला नको. प्रत्येक मुलाला माझ्याकडे कोरी पाटी मिळेल."

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. शिक्षकांमध्ये असं म्हणण्याची पद्धत आहे, आणि पालकांना ते आवडतं. इशिगाकी-सान पुढे वाकल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना म्हणत होतं की काच फुटलेली नाही.

मी हात वर केला.

असं कुणी करत नाही. शिक्षकांची ओळख, मग पालकांची ओळख, मग पालक संघाच्या प्रतिनिधींची निवड, मग प्रश्न असतील तर, असा क्रम असतो आणि प्रश्न सहसा नसतात. मागच्या वर्षी माझ्यामागे काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं: सारखी फोन करणारी आई. इगाराशी-साननी माझी बाही धरली. "शिराहाता-सान, नंतर. नंतर विचारा ना."

पण सोमवारपर्यंत नंतर होणार नव्हतं आणि सोमवारच्या जेवणात अंड्याचा रोल होता. महिन्याच्या जेवणाचा तक्ता मला पाठ होता.

"बोला," तोगाशी बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या बाकावरचा त्रिकोण पाहिला. "शिराहाता-सान."

"माझी मुलगी अंडं खात नाही."

"हो. पिवळं झाकण. तीन तारखेला मी परिचारिकांबरोबर बसून आरोग्याचे सगळे तक्ते पाहिले. तिचं ताट रोज मी आणि शेजारच्या वर्गाच्या सेन्सेई, दोघी तपासतो."

"ते माझ्या लक्षात आलं. आठवडाभर सगळं नीट झालं, त्याबद्दल आभार. पण तिला त्रास झाला तर ती सांगत नाही. ते कशावरून ओळखायचं हे तक्त्यात लिहिण्याची जागा नसते. होन्मा सेन्सेईंनी ते त्या फाइलमध्ये लिहून ठेवलंय. तुम्ही ती उघडली नाहीत. आठ दिवस तिच्यासमोर जेवताना तुम्हाला ते माहीत नव्हतं."

मागच्या दारातून हासेगावा सेन्सेई एक पाऊल पुढे आले. असल्या वेळी वडीलधाऱ्याने मध्ये पडून, याबद्दल शाळा नंतर सविस्तर बोलेल, असं म्हणायचं असतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घड्याळाचा काटा सहा कमीवर होता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी फाइल म्हणजे एकच गोष्ट समजले. मुलाचा स्वभाव वेगळा आणि मुलाचा जीव वेगळा, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये असतात. मी दोन्हींवर एकदम झाकण ठेवलं. आज साडेचारला मी ती वाचेन आणि सहाच्या आत तुम्हाला फोन करेन."

"सगळी वाचणार का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो इशिगाकी-सानचा होता. त्या वळल्या होत्या आणि त्यांचे डोळे ओले होते.

मला वाटलं होतं की त्या म्हणतील, फक्त तब्येतीचा भाग वाचेन. असं म्हणणं सोपं होतं आणि त्याने आम्ही दोघी गप्प बसलो असतो.

"सगळी," त्या म्हणाल्या. "कुठल्या ओळीत तब्येत असेल ते वाचल्याशिवाय मला कळणार नाही. गाकुतोचीही वाचेन."

"मग झालंच."

"नाही झालं. इशिगाकी-सान, मी हे का ठरवलं होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका मुलाबद्दल मी वाचलं, हा खोटं बोलतो. तीन महिने मी त्याचं खोटं पकडायच्या मागे होते. सापडलं नाही. पण तीन महिने त्याने माझी ती नजर सोसली. तसं परत करायचं नव्हतं म्हणून मी कपाटच बंद ठेवलं. वाचून तशी नजर होऊ द्यायची नाही, हे जास्त अवघड आहे. जमेलच असं वचन मी देत नाही. जूनमध्ये तुम्ही भेटायला याल तेव्हा मी गाकुतोबद्दल फक्त मी स्वतः पाहिलेलं सांगेन, तारखेसकट. माझ्या वहीत. ती वही तुम्ही हातात घेऊन वाचा."

"आणि त्यात वाईट असलं तर?"

"तर तेही तारखेसकट असेल."

मागून एक वडील म्हणाले, "म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं."

"बसच्या," बाई म्हणाल्या.

हसणं झालं, पण इशिगाकी-सान हसल्या नाहीत. त्या पुढे वळून बसल्या. बाईंनी पुन्हा वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या की ओळखीला एक मिनिट ठरलं होतं, सहा लागली, आता पालकांची ओळख एक-एक वाक्यात करू या.

मग नेहमीची सभा झाली. प्रत्येकाने उठून नाव सांगितलं आणि मूल घरी काय करतं ते सांगितलं. पालक संघाच्या प्रतिनिधीसाठी कुणी हात वर केला नाही, शेवटी दगड-कागद-कात्री करून इगाराशी-सान हरल्या. "तिन्ही मुलांच्या वेळी," त्या म्हणाल्या. "माझा हात बंदच होत नाही, कागदच निघतो." सभा संपल्यावर वीसेक जण थांबले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला आपल्या मुलाबद्दल एक-एक गोष्ट सांगितली. जागा सोडणारी मुलगी मिनोरी नव्हती. मिनोरीबद्दल त्या म्हणाल्या की वाचनाच्या तासाला ती पान उलटण्याआधी शेजारणीचं वाचून झालं का ते बघते.

बूट ठेवायच्या कपाटांपाशी इशिगाकी-सान भेटल्या. सपाता पिशवीत कोंबत होत्या.

"तुमच्या मुलीसाठी माझ्या मुलाची फाइल उघडली," त्या म्हणाल्या.

"मी त्यासाठी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे. विचारलं नसतं तर तुम्ही आई कसल्या. मी तुमच्या जागी असते तर मीही हात वर केला असता." त्यांनी एक बूट घातला. "पण चार मिनिटं, शिराहाता-सान. चार मिनिटं माझा मुलगा कोरा होता. मी मोजलीत. तुम्ही निदान पाच तरी होऊ द्यायची."

मी म्हणाले, "जूनमध्ये वही वाचायला जाल ना?"

"जाईन की. ती पळून जाणारी दिसत नाही. दुसरी कुणी असती तर तुम्हाला नंतर बोलू म्हणाली असती आणि मला सगळं ठीक होईल म्हणाली असती." दुसरा बूट घालून त्या उभ्या राहिल्या. "त्या दिवशीचा केक तुम्ही काय केलात?"

"नवऱ्याने ऑफिसात नेला."

"बरं झालं. चांगल्या दुकानातला होता."

पावणेसहाला फोन वाजला. मी भाज्या चिरत होते. मिनोरी बाहेरच्या खोलीत होती, म्हणून मी फोन घेऊन न्हाणीघरात गेले.

"तोगाशी बोलतेय. साडेचारला वाचायला घेतली, आत्ता संपली. शिराहाता-सान, मिनोरीच्या नोंदीत त्रास ओळखण्याबद्दल काहीही नाही."

मी म्हणाले, असं होणार नाही, होन्मा सेन्सेई स्वतः मला म्हणाल्या होत्या.

"मी दोनदा वाचलं. मागचं पानही. नोव्हेंबरात काय घडलं त्याची तारीख आहे, दिलेलं औषध आहे. कशावरून कळलं ते नाही."

"मग तिच्याबद्दल लिहिलंय काय?"

"वाचनाची आवड, मैत्रिणी, गणितात घाई."

"आणि?"

फोनवर मागे कुणीतरी छपाईचं यंत्र चालवत होतं.

"एक ओळ तुमच्याबद्दल आहे," त्या म्हणाल्या. "ती मी वाचली. ती माझ्या कामाची नाही."

ओळ काय असेल ते मला कुणी सांगायला नको होतं. होन्मा सेन्सेई चांगल्या होत्या, त्यांनी मिनोरीला उचलून नेलं होतं, आणि त्यांनी वर्षभर माझे फोन घेतले होते. मार्चमध्ये सत्तावीस मुलांच्या नोंदी लिहिताना त्यांना जे आधी आठवलं ते त्यांनी लिहिलं. मी न्हाणीघरातल्या लाकडी बाकड्यावर बसले.

"आता मला सांगा," तोगाशी बाई म्हणाल्या. "सावकाश सांगा, मी लिहून घेते. पहिल्यांदा काय होतं?"

मी सांगितलं. कान, मग गप्प होणं, मग पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरणं. त्यांनी विचारलं की कान आतून की बाहेरून. गप्प होते म्हणजे विचारलं तर उत्तर देते की मान हलवते. किती मिनिटांत घशापर्यंत जातं. यातले काही प्रश्न मला कुणी विचारले नव्हते आणि एकाचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी माहीत नाही म्हणाले. त्यांनी तेही लिहिलं. "आई: माहीत नाही," असं मोठ्याने म्हणत लिहिलं.

"सोमवारी सकाळी शिक्षकांच्या बैठकीत मी हे वाचणार आहे. मी रजेवर असले तर जे कुणी असेल त्यालाही माहीत हवं. काय वाचणार ते आत्ता वाचून दाखवते. चुकलं तर थांबवा."

त्या वाचू लागल्या. तिसरीचा दुसरा वर्ग, शिराहाता मिनोरी. अंडं. जेवताना किंवा जेवल्यानंतर अर्ध्या तासात बोलणं थांबवून कान ओढू लागली तर ती काही नाही म्हणाली तरी ताबडतोब परिचारिकांना बोलवावं, तिला चालवत नेऊ नये, सगळ्यांसमोर विचारू नये.

"सगळ्यांसमोर विचारू नये, हे मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"नाही. आज तुम्ही सभेत सगळं सांगितलंत, पण कशावरून ओळखायचं ते नाही सांगितलंत. मला वाटलं, तिच्यासाठीच नाही सांगितलंत."

"हो."

"मग राहू दे?"

"राहू दे. एकच. कान ओढत नाही. चोळते. तळहाताने, असं गोल."

"चोळते," त्या म्हणाल्या, आणि खोडून लिहिल्याचा आवाज आला. "तळहाताने. गोल. आणखी काही?"

मी विचार केला. गेल्या वर्षी याच वेळी माझ्याकडे होन्मा सेन्सेईंसाठी दोन पानं भरून गोष्टी होत्या.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."